ड्रॉप फक्त ठरलेल्यांनाच का?

मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या मुलांना दर जुलैमध्ये एक प्रश्न विचारते : "तू जे व्हायचं ठरवलं आहेस, त्याहून चांगलं काही समोर आलं, तर हे सोडशील का?"

प्रश्न माझा नाही. जेम्स मार्सिया या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात कॉलेजातल्या मुलांच्या मुलाखती घेतल्या, त्यात तो होता. १९६६ साली त्यांचा निबंध छापून आला. त्यासाठी निवडलेली ८६ मुलं, सगळे मुलगेच, आणि विषय तीन : व्यवसाय, धर्म आणि राजकारण. मुलगा काय निवडतो, यात मार्सियांना फारसा रस नव्हता. त्यांना दोन गोष्टी पाहायच्या होत्या. या मुलाने कधी निरनिराळे पर्याय खरोखर चाचपून पाहिले आहेत का? आणि आज तो कशाला तरी बांधील आहे का?

माझ्या वर्गात उत्तरं साधारण चार तऱ्हेची येतात. एखादी मुलगी म्हणते, "सोडेनही, पण माझ्यासाठी याहून चांगलं काय असेल ते मला सुचत नाही. दोन-तीन गोष्टी करून बघितल्यात मी." एखादा म्हणतो, "मॅडम, सोडायचा प्रश्नच नाही. लहानपणापासून हेच ठरलंय. घरचेही खूश आहेत." तिसरा अडखळतो : "हेच नक्की आहे असं कुठे वाटतंय मला? कधी वाटतं हे, कधी वाटतं ते." आणि चौथा खांदे उडवतो. "सोडू की. काय फरक पडतो?"

पहिलीने शोध घेतला आणि ती कशाशी तरी बांधली गेली. दुसरा बांधला गेलाय, पण शोध न घेता. तिसरा शोधतोय, अजून बांधला गेलेला नाही. चौथा शोधतही नाही आणि बांधलेलाही नाही. ओळख म्हणजे 'मी कोण' याचं ज्याचं त्याचं उत्तर. वर्गात मी या चार अवस्थांना कमावलेली ओळख, आयती ओळख, शोधकाळ आणि विखुरलेली ओळख म्हणते. मूळ परिभाषेत तिसऱ्या अवस्थेला 'मोरॅटोरियम' म्हणतात, आणि तो शब्द आपल्याकडे २०२०च्या टाळेबंदीत घरोघरी पोचला, कर्जाचे हप्ते काही महिने पुढे ढकलायची मुभा म्हणून. अर्थ इथेही तोच आहे. देणं माफ झालेलं नाही, फक्त थोडी मुदत मिळाली आहे.

माझं म्हणणं दुसऱ्या आणि तिसऱ्या मुलाबद्दल आहे. आपल्या घरांत दुसऱ्याला समजूतदार म्हणतात आणि तिसऱ्याला भरकटलेला. शिवाय तिसऱ्याला आणि चौथ्याला एकाच माळेत ओवतात, कारण विचारलेल्या प्रश्नाला दोघांकडेही ठाम उत्तर नसतं. हे वाचन चुकीचं आहे. आपल्या प्रवेशांचे, वर्ष मोजण्याचे आणि पैसे खर्च करण्याचे नियमही याच चुकीच्या वाचनावर उभे आहेत.

मोरॅटोरियम हा शब्द या अर्थाने रूढ केला तो मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांनी. त्यांची स्वतःची गोष्ट ऐकताना माझ्या वर्गातली मुलं हमखास सरसावून बसतात. १९०२ साली जर्मनीत जन्मलेल्या या मुलाचे सावत्र वडील बालरोगतज्ज्ञ होते. मुलानेही डॉक्टर व्हावं, ही त्यांची इच्छा. शाळा संपल्यावर मुलगा वैद्यकीय शिक्षणाला गेला नाही. काही वर्षं चित्रं काढत युरोपात फिरत राहिला. पंचविसाव्या वर्षी व्हिएन्नातल्या एका छोट्या शाळेत शिकवायला गेला, तिथे अॅना फ्रॉइड यांच्या हाताखाली बालमनोविश्लेषण शिकला आणि विद्यापीठाची पदवी नसताना पुढे हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाला. त्याची भटकंती चालू असताना घरच्यांना काय वाटलं असेल, ते आपल्यापैकी कुणालाही सांगता येईल.

आता दुसऱ्या मुलाकडे, आयत्या ओळखीकडे. तो दुःखी असतो असं अजिबात नाही, आणि हे मला आधीच स्पष्ट सांगायचं आहे. प्रश्नावल्या भरून घेतल्या तर असे विद्यार्थी बहुधा शांत, समाधानी आणि घरच्यांशी जवळीक असलेले दिसतात. अस्वस्थ असतात ते शोधकाळातले. आई-वडिलांना जे डोळ्यांनी दिसतं, ते खोटं नसतं. प्रश्न येतो तो गाडी अडते तेव्हा. मार्सियांनी आपल्या ८६ मुलांना दडपणाखाली एक बौद्धिक काम करायला दिलं होतं आणि त्यात प्रत्येक जण स्वतःसाठी काय लक्ष्य ठरवतो तेही पाहिलं होतं. आयती ओळख असलेल्यांची लक्ष्यं आवाक्याबाहेरची निघाली, आणि अपयश आल्यावरही ती खाली येईनात. अधिकारी माणसाचं ऐकावं, परंपरा मोडू नये, या धाटणीच्या विधानांनाही याच गटाने सर्वांत जास्त होकार दिला. लक्ष्य स्वतः तपासून घेतलेलं नसेल, तर ते बदलायचं कुठल्या आधारावर, हेच कळत नाही. मग हातात एकच उपाय उरतो : तेच आणखी एकदा, आणखी जोर लावून.

हे वाचल्यावर मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे जे येतं, तेच माझ्याही येतं.

२०२४ साली नीटला २३ लाखांहून जास्त मुलं बसली. देशात एमबीबीएसच्या जागा सुमारे एक लाख दहा हजार, आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास सरकारी. नीट कितीही वेळा देता येते आणि आता वयाची वरची अटही नाही. त्यामुळे बारावीनंतर ड्रॉप घेऊन पुन्हा परीक्षा देणं हा लातूर, नांदेड, संभाजीनगरमधल्या हजारो घरांत एक रीतसर टप्पा झाला आहे. रिपीटरच्या वेगळ्या बॅच असतात, वेगळी फी असते, वेगळी वसतिगृहं असतात. माझ्या वर्गात दरवर्षी अशी चार-पाच मुलं येतात, वर्गमित्रांपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी.

त्यातल्या एकाबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आई घर सांभाळणारी, तीन एकर कोरडवाहू जमीन. दहावीला ९३ टक्के पडले आणि त्याच संध्याकाळी आत्या, काका, शेजारी असे सगळे "आता डॉक्टर" म्हणू लागले. त्याला कुणी विचारलं नाही, आणि विचारावं असं त्यालाही वाटलं नाही. पहिल्या नीटला ४१०च्या आसपास गुण मिळाले. ड्रॉप घेतला, लातूरला खोली घेतली, मेस लावली, दर आठवड्याला चाचणी परीक्षा. दुसऱ्यांदा ४५२. तिसऱ्यांदा ४४८. सरकारी कॉलेजच्या कटऑफपासून प्रत्येक वेळी शंभराहून जास्त गुणांनी दूर. वडिलांनी तीन वर्षांत किती खर्च केला त्याचा हिशेब मुलाला पाठ होता, आणि तो सांगताना तो माझ्याकडे बघत नसे.

पहिल्या भेटीत तो म्हणाला, "मॅडम, बी.ए.ला नाव फक्त घातलंय. मी डॉक्टरच होणार आहे." मी त्याला समजावलं नाही. तीन साध्या गोष्टी विचारल्या. डॉक्टरशिवाय आणखी कशाचा कधी विचार केलास, अगदी आठवडाभर का होईना? डॉक्टरचा एक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत कसा जातो, सांगशील? आणि त्या कामातलं तुला काय नकोसं वाटेल?

आयती ओळख ओळखायला यापेक्षा खात्रीशीर साधन मला माहीत नाही. असा मुलगा पदाबद्दल भरभरून बोलतो आणि कामाबद्दल गप्प होतो. हा मुलगा गावच्या डॉक्टरांना किती मान आहे, ते सांगू शकत होता. ओपीडीत शंभर माणसं तपासताना काय होतं, रात्रपाळी कशी असते, हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. तिसऱ्या प्रश्नावर तो बराच वेळ थांबला आणि म्हणाला, "नकोसं असेल असं कसं म्हणायचं?" ज्याने एखादी गोष्ट स्वतः पारखून घेतली आहे, त्याच्याकडे तिच्या तक्रारीही असतात. निवडीला दोष चिकटवणं म्हणजे आई-वडिलांना दोष देणं, असं ज्याला वाटतं, तो ती निवड पारखूच शकत नाही.

तीन वर्षांतलं त्याला आवडलेलं असं काय, हे विचारलं तेव्हा जरा वेळाने एक गोष्ट निघाली. लातूरच्या खोलीवर खालच्या वर्गातली दोन पोरं त्याच्याकडे भौतिकशास्त्र समजून घ्यायला यायची. "ते दोन तास बरे जायचे," तो म्हणाला. लगेच पुढे, "पण ते काय, टाइमपास."

आता यातली गंमत नाही, खरं तर दुःख असं आहे : या घराने मुलाला दोन वर्षांची मुदत दिलीच की. पैसे दिले, खोली दिली, नातेवाइकांचे टोमणे अंगावर घेतले. आपला समाज मुलांना मुदत देत नाही, हे खरंच नाही. पुण्यात सदाशिव पेठेत एमपीएससीच्या अभ्यासिकेत पाच-पाच, सात-सात वर्षं काढणाऱ्या मुलांना हीच मुदत मिळते आहे. पण ही मुदत फक्त ठरलेल्यालाच मिळते. "मी आणखी एक वर्ष नीट देतो" म्हटलं की घर हलतं आणि पैसे उभे राहतात. "मला एक वर्ष चार गोष्टी करून बघायच्या आहेत" म्हटलं की तोच बाप, तेच घर, तोच पैसा, आणि उत्तर येतं, "एक वर्ष वाया?" मोरॅटोरियम आपण देतो तो आयत्या ओळखीला. शोधासाठी नाही.

शाखा निवडतानाही हेच होतं. पंधरा-सोळाव्या वर्षी विज्ञान घेतलं तर पुढे कला शाखेकडे वळता येतं. कला घेऊन मात्र अभियांत्रिकीत किंवा वैद्यकीयला जाता येत नाही. रस्ता एकेरी आहे. म्हणून पालक म्हणतात, "सायन्स घेऊन ठेव, पुढचं पुढे." त्यात शहाणपण आहे, मी ते नाकारत नाही. पण ऐकायला मोकळं वाटणारं हे वाक्य प्रत्यक्षात काय करतं? अकरावी-बारावीची दोन वर्षं क्लास, टेस्ट सिरीज आणि सीईटीत जातात. इतिहास, चित्रकला, हिशेब, भाषा यांतलं काही चाखून बघायला वेळच उरत नाही. दारं उघडी राहतात आणि त्यांतून डोकावायची मनाई असते.

वयाबद्दलही बोललं पाहिजे. २०१० साली जेन क्रोगर आणि सहकाऱ्यांनी, मार्सियाही त्यात होते, चार दशकांतले सव्वाशेच्या आसपास अभ्यास एकत्र करून पाहिले. शोधकाळातल्या मुलांचं प्रमाण वाढत जाऊन एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत जास्त होतं आणि मग उतरतं, असं त्यांना आढळलं. तिशीच्या उंबरठ्यावरही कमावलेली ओळख असलेले निम्म्यापेक्षा कमीच होते. हे अभ्यास बहुतेक पाश्चात्त्य देशांतले आहेत, तिथलं वय इथे जसंच्या तसं लागू होईल असा माझा दावा नाही. पण जो प्रश्न माणसाच्या मनात एकोणिसाव्या वर्षी सर्वांत जोरात उभा राहतो, त्याचं उत्तर आपण पंधराव्या वर्षी फॉर्मवर लिहून घेतो आणि एकोणिसाव्या वर्षी ते बदलू पाहणाऱ्याला बेजबाबदार म्हणतो, एवढं तरी यावरून दिसतं.

माझ्या स्टाफरूममध्ये यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला असा की आई-वडिलांचं ऐकण्यात वाईट काय? काहीच नाही. आयती ओळख आणि आई-वडिलांना पटलेली ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्याच वर्गातली एक मुलगी, आई अंगणवाडी सेविका. आईची इच्छा लेकीने डी.एड. करून शिक्षिका व्हावं. मुलीने वर्षभर एका पतपेढीत डेटा एन्ट्री केली, उन्हाळ्यात ब्युटी पार्लरचा कोर्स केला, दोन्हींतलं काय आवडलं आणि काय नाही ते मला बारकाईने सांगितलं, आणि शेवटी डी.एड.लाच गेली. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, पोरीने आईचं ऐकलं. मार्सियांच्या मुलाखतीत ती पहिल्या रकान्यात बसली असती. उत्तर तेच, पण ती वर्षभर फिरून तिथे पोचली होती. उद्या बदली लांबच्या तांड्यावर झाली तर ती कुरकुरेल, पण आईला दोष देणार नाही, असं मला वाटतं. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. तिला हे वर्ष मिळालं ते पतपेढीचा पगार घरी येत होता म्हणून. मुलींच्या बाबतीत शोधकाळ बहुतेकदा स्थळं यायला लागेपर्यंतच असतो, आणि ज्या घरात पेरणीचे पैसे उसने आणायचे असतात, तिथे मुलाच्या शोधाची किंमत कोण भरणार, हा प्रश्न मानसशास्त्राच्या पुस्तकातून सुटत नाही. म्हणूनच मी हा विषय घरावर सोडायला तयार नाही. घराला न परवडणारी गोष्ट संस्थेने द्यायला हवी.

दुसरा आक्षेप तिसऱ्या मुलावर. शोध, शोध म्हणत पोरं वर्षानुवर्षं लोंबकळत राहतात, त्याचं काय? हे खरं आहे आणि संशोधनातही आलं आहे. बेल्जियममधले कोएन लाइक्स आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिलं की शोध एकाच प्रकारचा नसतो. एक शोध पर्यायांची रुंदी बघतो, एक हाती धरलेल्या गोष्टीत खोल उतरतो, आणि एक नुसताच घोळत राहतो. हा तिसरा प्रकार चिंतेशी आणि उदासीशी जोडलेला आढळतो. त्यातला मुलगा रात्री दोन वाजता यूट्यूबवर यूपीएससीच्या यशोगाथा बघतो, उद्या कोडिंगच्या, परवा कॅनडाच्या व्हिसाच्या. तो दमतो, पण त्याच्याकडे नवं काही साठत नाही.

फरक ओळखता येतो. मी मुलांना विचारते, "गेल्या तीन महिन्यांत तू कोणता पर्याय यादीतून खोडलास, आणि कशामुळे?" खरा शोध घेणाऱ्याकडे खोडलेल्या गोष्टी असतात. "मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हच्या मागे दोन दिवस फिरलो, रोज उठून अनोळखी माणसाशी गोड बोलणं मला जमणार नाही." असं वाक्य आलं की मी निर्धास्त होते, मग तो मुलगा कितीही अस्वस्थ दिसो. घोळणाऱ्याच्या यादीत मात्र भरच पडत जाते, आणि तो तीतला एकही पर्याय हाताने करून बघत नाही. अशा मुलाला "लवकर ठरव" म्हणून दरडावलं तर तो घाबरून मिळेल ते धरतो आणि आयत्या ओळखीत जाऊन पडतो. त्याला विचार करायला आणखी वेळ नको असतो. त्याला करून बघायला जागा हवी असते, दोन महिन्यांची, ठरावीक, कुणाच्या तरी देखरेखीखाली.

अशी जागा आपल्याकडे कागदावर आली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांत पहिल्या दोन वर्षांत ओपन इलेक्टिव्ह आहे : स्वतःच्या शाखेबाहेरचा विषय घेऊन बघायचा. माझ्या मते एकोणीस वर्षांच्या मुलासाठी गेल्या कित्येक वर्षांत झालेला हा सर्वांत उपयोगी बदल. आणि आम्ही प्राध्यापकच तो वाया घालवतो आहोत. मी पाहिलेल्या कॉलेजांत ओपन इलेक्टिव्ह ठरतं ते कोणत्या विभागाचा वर्कलोड कमी पडतो यावरून. मुलांना यादी मिळत नाही, वाटप मिळतं. वाणिज्यच्या मुलाला हवामानशास्त्र का आलं, हे त्याला कुणी सांगत नाही, आणि तोही पंचवीस प्रश्न पाठ करून मोकळा होतो. संस्थेने दिलेला शोधकाळ असा आयत्या ओळखीच्या साच्यात ओतला जातो. हे बदलायला नवा कायदा नको. यादी खरी असावी, पहिले तीन आठवडे बसून बघून विषय बदलता यावा, आणि त्या विषयात एक तरी काम वर्गाबाहेर जाऊन करायचं असावं. आमच्या पातळीवर एवढं आम्ही करू शकतो, आणि करत नाही.

त्या मुलाचं पुढे काय झालं, ते सांगते. पहिल्या वर्षी तो चौथ्यांदा नीटला बसला. मी अडवलं नाही. पण त्या वर्षी दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. दिवाळीच्या सुट्टीत तो तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, ओळखीच्या परिचारिकेमुळे, दहा दिवस केसपेपर काढायच्या खिडकीशी बसला. आणि गल्लीतल्या दहावीच्या सहा मुलांना त्याने विज्ञान शिकवायला घेतलं, या वेळी फी घेऊन. नीटचे गुण पुन्हा तिथेच राहिले. वडिलांना सांगायला तो मला घेऊन गेला. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मॅडम, मी मास्तर आहे. मला वाटलं, पोराने तरी माझ्यापुढे जावं." मुलाने मान खाली घातली. मला त्या क्षणी जे दिसलं ते दोघांनाही तेव्हा सांगता आलं नाही : बापाने स्वतःची मास्तरकी कमी लेखली होती, आणि मुलाने शिकवण्याच्या आनंदाला टाइमपास म्हणायला तिथूनच सुरुवात केली होती.

या जूनमध्ये त्याने बी.एस्सी.ला प्रवेश बदलून घेतला. शिक्षक व्हायचं की प्रयोगशाळेत काम करायचं, ते अजून ठरलेलं नाही. ग्रामीण रुग्णालयातली रक्त-लघवी तपासणीची खोली त्याला आवडली होती, डॉक्टरांच्या केबिनपेक्षा जास्त. जुलैतला माझा प्रश्न त्याला पुन्हा विचारला, तर म्हणाला, "मॅडम, आत्ता उत्तर दिलं तर खोटं होईल."

प्रवेशाच्या वेळी कॉलेजने त्याच्याकडून गॅपचं प्रतिज्ञापत्र मागितलं. नोटरीकडे तयार मसुदा असतो : मधल्या काळात मी कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश घेतला नाही, कोणत्याही गैरकृत्यात सहभागी नव्हतो, घरीच होतो. पहिल्या दोन वर्षांसाठी त्याने त्यावर सही केली. त्या वर्षांत काय नाही केलं याचीच शपथ घ्यायची होती. खोलीवर येणाऱ्या त्या दोन पोरांना भौतिकशास्त्र शिकवलं, हे लिहायला त्या कागदावर ओळ नव्हती.